मूसाचे जोडे आणि मनातला फिरऔन

कुराणाच्या विसाव्या सूरेत मूसाची गोष्ट आहे. रानात त्याला लांबवर आग दिसते. घरच्यांना थांबायला सांगून तो विस्तव आणायला जातो. तिथे त्याला हाक ऐकू येते, ही जागा पवित्र असल्याचं कळतं आणि पायांतले दोन्ही जोडे काढायची आज्ञा होते. थोडं पुढे त्याच सूरेत त्याला दुसरा हुकूम मिळतो, की फिरऔनाकडे जा, तो फार माजला आहे.

या दोन्ही आज्ञांचा सूफींनी आपल्या रीतीने आणखी एक अर्थ सांगितला. जोडे दोन आहेत, तशी जगंही दोन, इहलोक आणि परलोक. ईश्वरासमोर उभं राहायचं तर या जगातल्या सुखाची आस सोडायची आणि स्वर्गाचीही. फिरऔनाबद्दल वाइज लोक, म्हणजे मशिदीत प्रवचन करणारे, स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून म्हणत की खरा फिरऔन इथे बसला आहे, तोच प्रत्येकाच्या आत माजतो, त्याच्याकडे जा. आजच्या वाचकाला हे दोन्ही अर्थ एकाच जातीचे वाटतील. दुसरा तर अधिकच पटेल, कारण आतला माजोरी राजा कोणाला भेटला नाही?

इमाम अबू हामिद गझाली (१०५८ ते ११११) यांनी मात्र पहिला अर्थ उचलून धरला आणि दुसऱ्यावर बंदी घातली. जोड्यांचा अर्थ त्यांनी आपल्या ‘मिश्कातुल अन्वार’ या छोट्या ग्रंथात स्वतःच मांडला आहे. फिरऔनाचा अर्थ ‘इह्या उलूमुद्दीन’ या त्यांच्या मोठ्या ग्रंथात निषिद्ध गोष्टींच्या यादीत आहे. गझाली स्वतः सूफी होते, मनाच्या माजाबद्दल त्यांनी शेकडो पानं लिहिली. मग फिरऔनाने काय घोडं मारलं? या एका भेदात सूफी भाष्याचं सगळं नियमशास्त्र साठवलेलं आहे, म्हणून तो नीट उलगडून पाहण्याजोगा आहे.

कुराणाच्या भाष्याला तफसीर म्हणतात. ते काम करणाऱ्याकडे ठरलेली हत्यारं असावी लागतात. अरबी व्याकरण, त्या काळच्या अरबांची बोलण्याची रीत, एखादी आयत कोणत्या प्रसंगी उतरली याची माहिती, पैगंबरांच्या हदीस आणि त्यांच्या सोबत्यांची मतं. या हत्यारांनी जो अर्थ हाती येतो तो जाहिर, म्हणजे उघड अर्थ. सूफी जो अर्थ सांगतात तो या हत्यारांनी काढलेला नसतो. वर्षानुवर्षं उपासना आणि पारायण करणाऱ्याला एखाद्या आयतीशी थबकल्यावर जे सुचतं, ते तो सांगतो. त्याला ते ‘इशारा’ म्हणतात, म्हणजे आयतीने केलेली खूण. आयत हे बोलली असा त्यांचा दावा नसतो, तिने तिकडे बोट दाखवलं एवढंच ते म्हणतात.

असं बोट दाखवणं पैगंबरांच्या सोबत्यांनाही ठाऊक होतं, हे दाखवायला सूफी आणि त्यांचे पाठीराखे एक प्रसंग हमखास सांगतात. तो बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. खलिफा उमर आपल्या बैठकीत बद्रच्या लढाईतल्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीला तरुण इब्न अब्बासला बसवत. काहींना ते खटकलं, याच्या वयाची आमची मुलं आहेत, असं ते म्हणाले. एके दिवशी उमरनी सगळ्यांना ११०व्या सूरेचा अर्थ विचारला. तिच्यात ईश्वराची मदत आणि विजय आल्याचा, लोक झुंडीने धर्मात येत असल्याचा उल्लेख आहे, आणि अशा वेळी स्तुती करावी, क्षमा मागावी असं सांगितलं आहे. काहींनी तेवढाच अर्थ सांगितला, काही गप्प राहिले. इब्न अब्बास म्हणाला की यात पैगंबरांना त्यांचा मृत्यू जवळ आल्याची सूचना आहे. उमर म्हणाले, मलाही यातून हेच कळतं.

आता हा अर्थ कसा उभा राहतो ते पाहा. सूरेत मृत्यू हा शब्दच नाही. पण ज्या कामासाठी पाठवलं ते काम पुरं झालं असेल, तर पाठवलेल्याचं इथे राहण्याचं कारणही संपलं. विजय खराच झाला होता, लोक खरेच आले होते, स्तुतीची आज्ञाही खरीच होती. यातलं काहीही पुसून इब्न अब्बासने आपला अर्थ काढलेला नाही, उलट ते सगळं खरं आहे म्हणूनच तो अर्थ निघतो.

संस्कृत काव्यशास्त्र वाचलेल्या मराठी माणसाला इथे लक्षणा आठवेल, पण ती इथे लागू पडत नाही. लक्षणेत मुख्यार्थाचा बाध व्हावा लागतो. गंगेवर गवळीवाडा आहे असं म्हटलं, की प्रवाहावर घरं असू शकत नाहीत, म्हणून काठ हा अर्थ घ्यायचा. इशाऱ्यात नेमकं उलटं आहे. मुख्यार्थ जागेवर शाबूत हवा. तो हलला की इशारा गेला. नातं जोडायचंच तर व्यंजनेशी जुळतं.

हे सगळं सुरुवातीपासून इतकं स्वच्छ नव्हतं. खुरासानातल्या निशापूर शहरात अबू अब्दुर्रहमान सुलमी (मृत्यू १०२१) यांनी जुन्या सूफींची कुराणावरची वचनं गोळा करून ‘हकाइकुत्तफसीर’ नावाचा संग्रह केला. यात एक घोटाळा होता. व्याकरण आणि प्रसंगाची चर्चा जवळजवळ नाहीच, आयतीचा तुकडा द्यायचा आणि अमुक सूफी काय म्हणाला ते लिहायचं, एवढीच मांडणी. वर नावात तफसीर हा शब्द. त्याच निशापूरचे मोठे भाष्यकार वाहिदी (मृत्यू १०७६) यांचं मत पुढे नोंदलं गेलं आहे, की सुलमींना हे खरोखर तफसीर वाटत असेल तर ते धर्माबाहेर गेले.

शब्द जहाल आहेत, पण त्यातला ‘वाटत असेल तर’ हा भाग महत्त्वाचा. दीडशेहून अधिक वर्षांनी दमास्कसचे हदीसपंडित इब्न सलाह (मृत्यू १२४५) यांच्याकडे हाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी त्या ‘तर’ला धरून उत्तर दिलं. सूफींपैकी जे विश्वासू आहेत ते हे तफसीर म्हणून सांगत नसावेत असं आपण धरून चालू, असं ते म्हणाले. आयतीत जे आहे त्याच्यासारखं दुसरं काही त्यांना आठवतं आणि ते बोलतात. त्यांचं उदाहरण नवव्या सूरेतलं आहे. तिथे जवळपासच्या शत्रूशी लढायची आज्ञा आहे. सूफी म्हणतो, सगळ्यात जवळचा शत्रू म्हणजे माझा नफ्स, माझा हावरा स्व. इब्न सलाह सांगतात की याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की आपल्याला त्या शत्रूशीही लढायला सांगितलंय आणि नफ्सशीही. एवढी सवलत देऊन झाल्यावर ते हळूच म्हणतात, की तरीही या मंडळींनी इतकं सैल बोलायला नको होतं, त्याने गोंधळ होतो. मला हा निवाडा फार आवडतो. त्यात माणसाबद्दल सद्भाव आहे आणि शब्दांबद्दलची काळजीही.

गोंधळाची ही भीती पुस्तकी नव्हती. गझालींच्या काळात ती राजकारणात उतरली होती. १०९० मध्ये हसन सब्बाहने अलमूतचा किल्ला घेतला आणि इस्माइली पंथाची सत्ता डोंगरात रोवली. १०९२ मध्ये गझालींना बगदादच्या मदरशात नेमणारा वजीर निजामुलमुल्क मारला गेला. खलिफा मुस्तजहिरच्या सांगण्यावरून गझालींनी या पंथाच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. विरोधक त्यांना ‘बातिनी’ म्हणत, म्हणजे आतला अर्थ मानणारे. आरोप असा, की नमाज, रोजा, हज यांचे आतले अर्थ इमामाकडून कळले की बाहेरची कर्मं टाकून देता येतात.

इथे थांबून एक सांगायला हवं. हे चित्र विरोधकाने काढलेलं आहे. फातिमी काळातले इस्माइली कायदेपंडित काझी नुमान (मृत्यू ९७४) यांनी ‘दआइमुल इस्लाम’ हा कर्मकांडाचा आणि कायद्याचा ग्रंथ लिहिला, आणि त्याचाच आतला अर्थ सांगणारा दुसरा ग्रंथही लिहिला. बाहेरचं आणि आतलं दोन्ही पाळायचं, ही त्यांची भूमिका होती. मुंबईतल्या दाऊदी बोहऱ्यांच्या घरात आजही ‘दआइम’चा कायदा चालतो. गझालींच्या खंडनाला येमेनमधल्या त्याच परंपरेतल्या अली इब्न वलीद (मृत्यू १२१५) यांनी भलंमोठं उत्तरही दिलं. उलट अलमूतमध्ये ११६४ साली शरियतचं बंधन संपल्याची घोषणा झाली खरी, पण तेव्हा गझालींना जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली होती. तेव्हा ‘बातिनी’ हा शब्द वाचताना एका धोक्याचं नाव म्हणून वाचावा, सगळ्या इस्माइलींचं वर्णन म्हणून नव्हे.

धोका कोणता, हे गझालींनी ‘मिश्कात’मध्ये फार सोप्या उदाहरणाने सांगितलं आहे. हदीस आहे, की ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत. एक माणूस घरात कुत्रा पाळतो आणि म्हणतो, इथे खरा कुत्रा अभिप्रेत नाहीच, काळजाच्या घरातून रागाचा कुत्रा हाकला एवढंच म्हणायचंय. दुसरा माणूस हदीस ऐकून आधी कुत्रा बाहेर काढतो, आणि मग म्हणतो, कुत्रा त्याच्या रूपामुळे नको होता की अंगच्या हिंस्रपणामुळे? हिंस्रपणामुळे असेल, तर ज्या घरात फक्त शरीर राहतं ते इतकं जपायचं आणि काळीज, जिथे ईश्वराची ओळख राहायची, ते मोकळं सोडायचं हे कसं चालेल? गझालींच्या मते पहिला बातिनी. बाहेरच्या कुत्र्यापाशीच थांबणारा शब्दपूजक. दुसरा माणूस पुरा, कारण त्याने दोन्ही धरले.

मूसाच्या जोड्यांबद्दलही ते हेच बजावतात. मूसाला आज्ञा ऐकू आली, त्याच्या पायांत खरेच जोडे होते, त्याने ते खरेच काढले. आणि ते काढत असताना दोन्ही जगांची आस टाकणं हेही त्याने त्यातून ओळखलं. मूसाच्या पायांत जोडे नव्हतेच असं कोणी म्हणू लागला, तर गझाली त्याच्यापासून लांब राहतात.

मग फिरऔन? प्रवचनकार म्हणत होता, या आयतीत फिरऔन या शब्दाने माणसाचं मनच अभिप्रेत आहे. गझालींचं सगळं भांडण या ‘अभिप्रेत आहे’शी आहे. फिरऔन हा हाडामांसाचा माणूस होता, तो होऊन गेल्याची बातमी पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आली आहे, जशी अबू जहल आणि अबू लहब यांची. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरिश्त्यांबद्दल किंवा सैतानांबद्दल कोणी रूपक काढलं तर निदान वाद तरी घालता येईल, इथे तोही नाही. तेच दुसरं उदाहरण सहरीचं. पैगंबरांनी सहरी करायला सांगितलं, तिच्यात बरकत आहे असं सांगितलं. काही प्रवचनकार म्हणत, सहरी म्हणजे पहाटे उठून क्षमायाचना. गझाली म्हणतात, पैगंबर स्वतः पहाटे जेवत होते आणि लोकांना या जेवायला असं बोलावत होते, ते जेवण कुठे गेलं?

पुढचं त्यांचं कारण जास्त खोल आहे. शब्दाचा उघड अर्थ कोणत्याही आधाराशिवाय बाजूला काढायची मुभा दिली, की शब्दांवरचा भरवसाच जातो. आतल्या अर्थाला माप नाही. एकाच्या मनात एक येतं, दुसऱ्याच्या मनात दुसरं, आणि दोघांत कोण चूक हे ठरवायला काहीच उरत नाही. प्रवचनकाराचा हेतू चांगला आहे, लोकांचं मन वळावं एवढंच त्याला हवंय, हा बचाव गझाली मानत नाहीत. त्यांचा सवाल असा, की एखादी चांगली, खरी गोष्ट पैगंबरांच्या नावावर खोटी हदीस म्हणून खपवली तर चालेल का? गोष्ट खरी असली तरी ती त्यांच्या तोंडी घालणं हा खोटेपणाच. इशाऱ्याचंही तसंच. मनाचा माज मोडावा हे खरं, पण फिरऔन या शब्दाचा तोच अर्थ आहे हे खोटं.

सूफींनी मन हाच फिरऔन समजून स्वतःला दटावलं, तर गझालींची हरकत नसावी असं मला वाटतं. जोड्यांच्या अर्थाला जी वाट त्यांनी दिली तीच इथेही आहे. आधी खरा फिरऔन आणि खरा मूसा मान्य करायचा, मग त्या राजाच्या अंगचा माज आपल्यात आहे का ते पाहायचं.

गझालींनी धोका दाखवला. पण एखादा इशारा हातात घेऊन तो तपासायचा कसा, याची पद्धत सर्वांत काटेकोरपणे मांडली ती ग्रनाडाच्या अबू इसहाक शातिबींनी (मृत्यू १३८८). त्यांचा ‘मुवाफकात’ हा कायद्याच्या मूळतत्त्वांवरचा ग्रंथ, त्यामुळे हात कायदेपंडिताचा. आतल्या अर्थाला त्यांनी दोनच अटी घातल्या. एक, तो अर्थ अरबी भाषेच्या रीतीत बसला पाहिजे. दोन, त्याला कुराणात किंवा अन्य प्रमाण वचनात दुसरीकडून साक्ष मिळाली पाहिजे आणि तिच्या आड येणारं काही नसलं पाहिजे. या अटी त्यांनी कोणा उपटसुंभावर चालवल्या नाहीत, तर सहल तुस्तरी (मृत्यू ८९६) यांच्यावर चालवल्या. बसऱ्यात राहिलेले हे सूफी इतके आदरणीय, की त्यांच्या वचनांचा संग्रह सूफी भाष्यातला सगळ्यात जुना ग्रंथ मानला जातो.

पहिलं प्रकरण दुसऱ्या सूरेतलं. तिथे ईश्वराला बरोबरीचे उभे करू नका, अशी ताकीद आहे. तुस्तरी म्हणतात, सगळ्यात मोठा बरोबरीचा म्हणजे वाईटाकडे ओढणारा नफ्स. उघड अर्थ मूर्तींचा आहे, मग हा चालेल का? शातिबी आधी भाषा पाहतात. बरोबरीचा म्हणजे जो समोर उभा राहून उलट बाजू घेतो. ईश्वर एक सांगतो, नफ्स दुसरंच करायला लावतो, म्हणजे शब्दातली मुळातली कल्पना इथे जशीच्या तशी आहे. मग साक्ष. नवव्या सूरेत काही लोकांनी आपल्या धर्मगुरूंना ईश्वराच्या जागी बसवल्याचं म्हटलं आहे. त्या लोकांनी धर्मगुरूंची पूजा केलेली नव्हती, त्यांनी हलाल-हराम जे सांगितलं ते डोळे मिटून ऐकलं होतं. म्हणजे आंधळं आज्ञापालन हेही कुराणाच्या लेखी बरोबरीचं उभं करणंच आहे. राहिली एक शंका. आयत मूर्तिपूजकांना उद्देशून आहे, ती मुसलमानांना कशी लावायची? यावर शातिबी खलिफा उमरचा दाखला देतात. सगळी सुखं जगातच उपभोगून संपवलीत, हे सेहेचाळिसाव्या सूरेतलं बोलणं न मानणाऱ्यांना सुनावलेलं आहे, पण उमर ते खाण्यापिण्यात सैल सुटलेल्या मुसलमानांना ऐकवत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, तुस्तरींचा अर्थ टिकला. टिकला, पण तफसीर म्हणून नव्हे. आयतीवरून स्वतःला बोध घेणं म्हणून.

दुसरं प्रकरण चौथ्या सूरेतलं. तिथे कोणाकोणाशी चांगलं वागायचं याची यादी आहे. आईबाप, नातलग, अनाथ, गरीब, जवळचा शेजारी, परका शेजारी, सोबती, वाटसरू. तुस्तरी उघड अर्थ नाकारत नाहीत, पण आतला अर्थ असा लावतात, की जवळचा शेजारी म्हणजे हृदय, परका शेजारी म्हणजे नफ्स, सोबती म्हणजे शरियतच्या वाटेने चालणारी बुद्धी आणि वाटसरू म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणारे हातपाय. वाचायला किती छान! शातिबी इथे मान हलवतात. कुराण ज्या अरबांच्या भाषेत उतरलं त्यांच्यात, मानणाऱ्यांत आणि न मानणाऱ्यांत, शेजारी म्हटल्यावर हृदय समजणारा कोणी नव्हता. सोबत्यांच्या पिढीकडून असं काही आलेलं नाही, आणि आलं असतं तर कुराण सगळ्यात नीट कळलेल्या त्या लोकांनी ते सांगितलंच असतं. बाहेरून साक्षही नाही. म्हणून हा अर्थ त्यांना अडचणीचा वाटतो, बातिनींच्या रीतीकडे झुकणारा.

एकाच माणसाचे दोन इशारे, एक पास आणि दुसरा नापास. बरोबरीच्या उभ्या केलेल्याचा अर्थ लावताना तुस्तरींनी शब्दाच्या आतली कल्पना ताणली. शेजाऱ्यांच्या यादीत मात्र एकेका शब्दासमोर एकेक आतली वस्तू मांडून ठेवली. यादी अशी जुळवत गेलं की ती कशालाही जुळते. पाच माणसांच्या यादीला पाच ज्ञानेंद्रियं लावता येतील, पंचमहाभूतं लावता येतील, आणि दारातला परका शेजारी मात्र उपाशी राहील.

शब्दांशी याहून वाईट खेळ झालेले आहेत. एकोणतिसाव्या सूरेच्या शेवटी ईश्वर सत्कर्म करणाऱ्यांच्या सोबत असल्याचं म्हटलं आहे. ‘खचित सोबत’ या अर्थी तिथे अरबीत ‘ल’ आणि ‘मअ’ हे दोन शब्द जोडून येतात. कोणीतरी ते एकच क्रियापद धरलं, ‘लमअ’, म्हणजे उजळलं, आणि अर्थ केला की ईश्वराने सत्कर्म करणाऱ्यांना उजळून टाकलं. ऐकायला ईश्वराच्या गौरवाचंच आहे, पण वाक्य मोडलं. विसाव्या शतकात अल-अझहरचे विद्वान मुहंमद अब्दुलअझीम झुर्कानी यांनी इशाऱ्याच्या अटी एकत्र मांडल्या, तेव्हा ओढूनताणून काढलेल्या अर्थाचा नमुना म्हणून हेच उदाहरण घेतलं. त्यांच्या बाकीच्या अटी आपण वर पाहिल्याच आहेत. इशारा उघड अर्थाच्या विरोधात जाऊ नये, हाच एक अर्थ आहे असा दावा करू नये, शरियत आणि बुद्धी यांना छेद देऊ नये, आणि शरियतमध्ये त्याला आधार असावा.

या कसोट्यांवर सगळ्यात जास्त वाद झाला तो इब्न अरबींच्या (११६५ ते १२४०) लिखाणावर. ‘फुसूसुल हिकम’मध्ये त्यांनी नूहच्या लोकांचा प्रसंग घेतला. कुराणात ते लोक आपल्या पापांपायी बुडाले आणि आगीत गेले असं आहे. इब्न अरबी पाप या शब्दाला पाऊल या अर्थाच्या धातूशी जोडतात आणि म्हणतात, त्या पावलांनी त्यांना पुढे नेलं आणि ते ईश्वरी ज्ञानाच्या समुद्रात बुडाले. शिक्षेचं वरदान झालं. झुर्कानींच्या पहिल्याच अटीवर हे अडतं, कारण आयतीचा रोख रागाचा आहे आणि अर्थ कृपेचा निघतो. इब्न अरबींचे चाहते सांगतात की ते उघड अर्थ नाकारत नाहीत, त्यांच्या ‘फुतूहात’मध्ये शरियतचा काटेकोर आदर आहे. तेही खरं. पण अझहरच्या मुहंमद हुसैन जहबींनी, ज्यांनी भाष्यांचा इतिहास लिहिला, एक भेद केला तो इथे उपयोगी पडतो. एक सूफी आयत वाचत जातो आणि त्याला काही सुचतं. दुसऱ्याकडे तत्त्वज्ञान आधीच तयार असतं आणि तो त्याला आयत शोधतो. जहबींच्या लेखी पहिलं इशारा, दुसरं सिद्धान्तासाठी आयत वाकवणं. वाकवलेली आयत ओळखायची एक खूण म्हणजे वेगवेगळ्या आयतींतून दर वेळी तोच एक अर्थ निघतो.

नियम पुस्तकांत लिहिले गेले, तसे ते पानांच्या मांडणीतही उतरले, आणि मला वाटतं सर्वसामान्य वाचकाला सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. मैबुदींनी ११२६ मध्ये सुरू केलेल्या फारसी ‘कश्फुल असरार’मध्ये दर वेळी तीन फेऱ्या आहेत. आधी सरळ भाषांतर, मग नेहमीचं भाष्य, आणि मग सूफी बोलणं. बगदादचे मुफ्ती आलूसी (मृत्यू १८५४) आपल्या ‘रूहुल मआनी’मध्ये आयतींच्या एका गटाचं व्याकरण, कायदा, मतभेद सगळं सांगून झाल्यावर, इशाऱ्याच्या बाबतीत असं वेगळं सांगून मग सूफी अर्थाकडे वळतात. वाचकाला कळतं की आता जमीन बदलली. सुलमींच्या संग्रहात हीच पाटी नव्हती.

भारतातल्या मदरशांतही ही सीमा शिकवली गेली. दर्से-निजामीत तफ्ताजानींचं (मृत्यू १३९०) ‘शर्हुल अकाइद’ लागतं. त्यात वचनं त्यांच्या उघड अर्थावर घ्यायची आणि तो सोडून बातिनी अर्थाकडे जाणं धर्मद्रोह, असं सांगितल्यावर लगेच जोडलं आहे, की उघड अर्थ कायम ठेवून साधकाला ज्या बारीक खुणा दिसतात, ते मात्र श्रद्धेचं परिपूर्ण रूप आहे. दख्खनमध्ये ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (१३२१ ते १४२२) यांनी ‘मुल्तकत’ हे कुराणावरचं सूफी भाष्य लिहिलं. त्यांचं बालपण दौलताबादेत गेलं, वडिलांची कबर खुलताबादला आहे आणि स्वतःची दर्गा गुलबर्ग्याला. सूफी अर्थ सांगणारे हेच गेसूदराज इब्न अरबींच्या मतांवर टीका करत. सूफी म्हटला की त्याने काहीही अर्थ केला तरी चालतो, असं सूफींनाही वाटत नव्हतं.

दिल्लीच्या शाह वलीउल्लाहंनी (१७०३ ते १७६२) भाष्याची तत्त्वं सांगणाऱ्या ‘अल-फौजुल कबीर’मध्ये हा सगळा गुंता एका वाक्यात सोडवला आहे. सूफींचे इशारे हे तफसीरशास्त्राचा भाग नाहीतच, असं ते सांगतात. एखादा माणूस लैला-मजनूची गोष्ट ऐकतो आणि त्याला स्वतःची प्रेयसी आठवते, तसं कुराण ऐकताना साधकाच्या मनात काही उमटतं. गोष्टीत त्याची प्रेयसी नव्हती, पण आठवण खोटी नाही.

याचा एक व्यावहारिक परिणाम आहे आणि तो झुर्कानींनी स्पष्ट लिहून ठेवला. सगळ्या अटी पुऱ्या करणारा इशारासुद्धा फक्त नाकारला जात नाही, एवढाच त्याचा दर्जा. तो मानलाच पाहिजे असं बंधन कोणावर नाही, कारण तो ज्याला सुचला त्याच्या मनातून आला आहे आणि दुसऱ्याला तो तपासून सिद्ध करता येत नाही. फतवा देणारा मुफ्ती इशाऱ्याच्या आधारे काही हलाल किंवा हराम ठरवू शकत नाही. शेजाऱ्याचा हक्क चौथ्या सूरेच्या उघड अर्थावर उभा आहे. नफ्सशी कसं वागायचं हे सांगायला तुस्तरींकडे शेजाऱ्यांच्या आयतीखेरीजही पुष्कळ होतं, आणि झुर्कानींची तक्रार तर अशी, की हे इशारे इतके गोड लागतात की काही लोक बाकीचं कुराण वाचायचंच विसरतात.